चोविसाव्या दिवसाचं पान

खट्.

कपडे धुण्याच्या मशीनच्या दाराचा खटका सुटला आणि मी जागच्या जागी थिजले. घर इतकं गप्प होतं की तेवढा आवाजही कुणीतरी ताट आपटल्यासारखा वाटला. आतल्या खोलीत माझी लेक खारू कूस बदलते का म्हणून मी कान दिले. नाही बदलली. पाच वर्षांची झाली तरी दुपारी दीड ते तीन झोपते, हे माझं नशीब. मला जे काही करायचं ते या दीड तासात. कपडे मशीनमध्येच राहू दे, चुरगळले तर चुरगळू दे.

फोनवर धाकट्या बहिणीचा निरोप येऊन पडला होता.

"ताई, इथल्या मोठ्या डॉक्टरांना पहिल्या महिन्याचे शीचे फोटो हवेत, तारखांसकट. तू केलं होतंस ना ते छान पान, तेच पाठव. मी त्यांना सांगितलं, माझी बहीण फोटोंचंच काम करते म्हणून."

खाली बटणचा फोटो होता. बटण म्हणजे तिचं बाळ. नाक शर्टाच्या बटणाएवढं, म्हणून पहिल्याच दिवशी खारूने हे नाव ठेवलं, आणि आम्ही लाडाने बटणराव म्हणायला लागलो. आज बटणराव एकशे दोन दिवसांचे. पोट फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा. बाळाच्या यकृतातून आतड्यात पित्त नेणाऱ्या नळ्या बंद होत्या. एक्क्याऐंशीव्या दिवशी ऑपरेशन झालं. साठ दिवसांच्या आत झालं असतं तर आशा बरीच जास्त होती, असं मोठ्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं. आता पित्त काही वाहायला लागलेलं नाही. कुणाचं तरी यकृत मिळायची वाट बघायची. तोवर बाळ टिकलं तर.

मी लॅपटॉप उघडला आणि ते पान शोधलं.

हे पान कसं झालं ते आधी सांगते.

धाकटी पहिलटकरीण. माझ्यापासून दिवसभराच्या प्रवासाच्या अंतरावर. बाळ झाल्यापासून रोज एका तरी डायपरचा फोटो काढून मला पाठवायची. "ताई, हे नॉर्मल आहे का?" "ताई, आज पातळ आहे." मी एकदा तिला म्हटलंही, "अगं, लोकांच्या फोनमध्ये फुलं असतात, माझ्या फोनमध्ये नुसती शी. एखाद्या दिवशी चुकून काकांना जायची." काका म्हणजे मी ज्यांच्या स्टुडिओचं काम घरून करते ते. ती फिसकन हसली होती. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच तिला हसताना ऐकलं होतं, म्हणून लक्षात आहे.

दहाव्या दिवसानंतर तिचा फोन पाण्याच्या बादलीत पडला. मग फोटो तिच्या नवऱ्याच्या फोनवरून यायला लागले, एखाद-दुसरा दिवस गाळून. त्याला आम्ही सगळे जावईबापू म्हणतो. त्याचा फोन नवाकोरा, भारीतला.

चोविसाव्या दिवशी ती बाळाला गावातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. कावीळ अजून उतरली नव्हती. डॉक्टर म्हणाले, अंगावर पिणाऱ्या बाळांची कावीळ रेंगाळते कधीकधी. पण शी फिकी होते का ते बघायला हवं. फिकी होत असेल तर लगेच रक्त तपासू, नसेल तर थांबू दोन-तीन आठवडे. त्या वेळी डायपर नेमका कोरडा. धाकटी म्हणाली, रोजचे फोटो आहेत. डॉक्टर म्हणाले, मग ओळीने लावून पाठवा.

ओळीने लावायचं म्हणजे कुणी? मीच. त्या दुपारी खारूला झोपवून मी बसले. पहिल्या दोन-तीन दिवसांची काळी शी सोडून अठरा फोटो निघाले. दहा धाकटीच्या फोनचे, आठ जावईबापूंच्या. एका पानावर तीन ओळींत लावले आणि बघते तर काय, पहिले दहा छान मोहरीसारखे पिवळे आणि शेवटचे आठ फिके. शेवटचे दोन-तीन तर ओल्या खडूसारखे.

मी घाबरले का? नाही. मी हसले. खरं सांगते, हसले. कारण हा आजार मला माहीत होता. बाळाचा नाही, फोटोंचा.

आमच्याकडे शाळांची वार्षिक पुस्तकं येतात. पालक आपापल्या फोनवरून पोरांचे फोटो शाळेच्या साइटवर टाकतात, आणि मी ते एकेका पानावर बसवते. एकच गणवेश, पण तीन फोनमध्ये तीन रंगांचा. का ते आधी मला कळायचं नाही. मग कळलं. फोटोत रंग नसतो, नुसते आकडे असतात. आणि ते आकडे कोणत्या मापाने वाचायचे ते सांगणारी एक चिठ्ठी फोटोला चिकटवलेली असते. तिला प्रोफाइल म्हणतात. स्वयंपाकातलं बघा ना. "दोन वाट्या साखर" असं कुणी लिहून दिलं तर विचारावं लागतं, तुझी वाटी केवढी? जुन्या, साध्या फोनांची वाटी लहान असते, तिचं नाव एसआरजीबी. नव्या, भारी फोनांची वाटी मोठी, तिचं नाव डिस्प्ले पी-थ्री. मोठ्या वाटीतले भडक रंग लहान वाटीत मावतच नाहीत.

शाळेची साइट काय करायची, फोटो घेताना चिठ्ठी फाडून टाकायची आणि आकडे तसेच ठेवायची. चिठ्ठी नसली की आमचं सॉफ्टवेअर समजतं, असेल लहान वाटी. म्हणजे मोठ्या वाटीने मोजलेले आकडे लहान वाटीने वाचले जायचे आणि पोरं आजारी दिसायची. गालावरचा रंग उडालेला, गणवेश विटलेला. इलाज सोपा. आधी ती हरवलेली चिठ्ठी परत चिकटवायची, तिला असाइन करणं म्हणतात. त्यात आकडे तेच राहतात, वाचायचं माप बदलतं. मग सगळे फोटो एकाच मापात आणायचे, ते कन्व्हर्ट करणं. त्यात माप बदलतं पण रंग दिसायला तोच राहावा म्हणून आकडे बदलतात. या सगळ्या पायऱ्या मी एकदा रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. एक बटण दाबलं की चाळीस पोरं एका दमात बरी व्हायची.

त्यातूनही एखादा फोटो वेगळा दिसला तर काकांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "पोरी, पानावर एक वेगळा दिसला की तोच डोळ्यांत खुपतो. त्याला कान धरून रांगेत आण." मग मी शेजारच्या फोटोशी ताडून हाताने रंग चढवायची. यात माझा हात बसला होता. काका म्हणायचे, हिच्या पानावर सांधा शोधून दाखवा.

तर त्या दुपारी मी जावईबापूंचे आठ फोटो तपासले. एकालाही चिठ्ठी नव्हती. नवा फोन, चिठ्ठी गायब, रंग फिका. तिन्ही खुणा जुळल्या. मी बटण दाबलं.

रंग थोडासाच वर आला.

तिथेच थांबायला हवं होतं. जो रंग मुळातच मातकट असतो त्याला मोठी वाटी देऊन फारसा फरक पडत नाही. पण मला वाटलं, त्यांच्याकडचा उजेडही कमी असेल. आणि हात सुटला होता. मी एकेक फोटो घेतला आणि पहिल्या ओळीशी ताडून पिवळा चढवला. अकराव्याला थोडा, चौदाव्याला जास्त, अठराव्याला सगळ्यात जास्त. पंचवीस मिनिटांत पान तयार. पाठवताना धाकटीला लिहिलं, "शेवटचे फोटो फिके दिसत होते, पण तो फोनचा दोष. मी दुरुस्त केलाय. काळजी करू नकोस."

तिने लिहिलं होतं, "हुश्श. मला वाटतच होतं की फिकं दिसतंय. सासूबाई म्हणाल्या, तुझ्या डोळ्यांना झोप नाही म्हणून. तू म्हणतेस म्हणजे झालं."

डॉक्टरांनी पान बघितलं. म्हणाले, रंग चांगला आहे, रक्त काढायची घाई नको. दोन-तीन आठवडे झाले, मग सर्दी झाली म्हणून आणखी एक गेला, मग डॉक्टर गावाला गेले होते. धाकटीला परत शंका आली की ती माझं पान काढून बघायची, हे तिनेच मला मागे सांगितलंय. अडुसष्टाव्या दिवशी लस द्यायला गेली तेव्हा तिथल्या नर्सने डायपर उघडला आणि बाई तशीच डॉक्टरांना बोलवायला धावली.

तेच पान आज पुन्हा माझ्या समोर होतं. अठराही फोटो मोहरीसारखे. सांधा कुठे दिसत नव्हता.

मोठ्या डॉक्टरांना पाठवायच्या आधी एकदा मोठं करून बघावं म्हणून मी अठराव्या फोटोवर गेले. डायपरच्या काठाला निळ्या माशांची नक्षी होती. मासे हिरवे दिसत होते. नुसते हिरवे नाही, शेवाळलेले. आणि डायपरची पांढरी कडा साय धरलेल्या दुधासारखी.

मी पहिल्या फोटोवर गेले. तोच डायपर, त्याच कंपनीचा. मासे निळे. कडा पांढरी.

 मग मी ते केलं जे चोविसाव्या दिवशी करायला हवं होतं. त्या जुन्या फोल्डरमध्ये जाऊन फोटो जसे आले होते तसे उघडले, हात न लावता, आणि पहिला नि अठरावा शेजारी शेजारी ठेवले.

मासे सारखेच होते.

निळ्याला निळा. कडेला कडा. बाळाच्या मांडीखालचं गुलाबी दुपटं, त्यालाही तोच गुलाबी. चिठ्ठी हरवल्याचा दोष असता तर तो काही शीच शोधून तिलाच लागला नसता. मासेही फिके पडले असते, दुपटंही विटलं असतं. फोनचा दोष सगळ्या फोटोला लागतो. इथे सगळं जिथल्या तिथे होतं आणि एकच गोष्ट पांढरी होत चालली होती.

आणि मी अकराव्याला थोडा आणि अठराव्याला जास्त पिवळा का चढवला होता? एकाच फोनचे आठ फोटो, एकाच खिडकीशी, एकाच वेळचे. दोष फोनचा असता तर आठही सारखेच फिके असते. ते दिवसागणिक फिके होत होते. माझ्या हाताला ते कळलं होतं. हात बरोबर मोजून तेवढाच रंग चढवत होता. डोक्याला नाही कळलं.

तरीही मी एक पळवाट शोधली. माणूस शोधतोच. जावईबापूंना निरोप टाकला, बाळाच्या त्या पानावरचा नाही का, शेवटचा तो फोटो, फोनमधली मूळ फाइल पाठवाल? फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून. पाच मिनिटांत आली. बिचाऱ्याने वर लिहिलं होतं, "सगळं जपून ठेवलंय, ताई."

या फाइलला चिठ्ठी होती. डिस्प्ले पी-थ्री. ती नीट वाचून उघडली आणि मला पूर्वी आलेल्या फोटोच्या शेजारी ठेवली. काडीचाही फरक नव्हता. म्हणजे निरोपाच्या ॲपने फोटो पाठवतानाच आकडे लहान वाटीत बदलून घेतले होते आणि मगच चिठ्ठी काढली होती. काम चोख केलं होतं त्याने. शाळेची साइट चिठ्ठी फाडायची आणि आकडे तसेच ठेवायची, म्हणून मला वाटलं जगात सगळे तसेच. चिठ्ठी नाही म्हणजे दोष आहे, असं काही नसतं. बऱ्या फोटोंना मी औषध पाजलं.

एखाद्या बाईला यातलं काहीच येत नसतं तर तिने अठरा फोटो लावले असते आणि जसे होते तसे पाठवले असते. डॉक्टरांनी एका नजरेत ओळखलं असतं. चोविसावा दिवस होता. साठला छत्तीस दिवस बाकी होते.

अडीच वाजले होते. मी मूळ फोटोंचं नवं पान केलं. रंगाला हात लावला नाही. तारखा लिहिल्या, कोणता फोटो कोणत्या फोनचा ते लिहिलं. माझी बोटं आपोआप पहिल्या ओळीतला एक तिरका फोटो सरळ करायला गेली, मी ती मागे घेतली. पान मोठ्या डॉक्टरांच्या पत्त्यावर पाठवलं. मग धाकटीला फोन लावला. निरोप लिहून चालण्यासारखं नव्हतं.

तिने व्हिडिओ चालू केला. वॉर्डच्या बाहेरच्या बाकावर बसली होती, बटण मांडीवर.

"बोल गं. बघ, मावशी आली बटणराव. पान पाठवलंस?"

"पाठवलं. पण जुनं नाही पाठवलं. दुसरं केलं."

"का? ते चांगलं होतं की. मी सगळ्या नर्सना दाखवलं. म्हटलं, बघा, तोपर्यंत रंग ठीक होता, नंतर एकदमच बिघडलं. आमच्या हातात काही नव्हतं." तिने बटणचं टोपडं सारखं केलं. "ताई, खरं सांगू? रात्री हेच म्हणते स्वतःला. की चोविसाव्या दिवशी ठीक होता ना. ताईने बघितलं होतं."

मी तिथे थांबू शकले असते. ती हेच धरून उभी होती, आणि ते काढून घेऊन बाळाचं काही भलं होणार नव्हतं. पण मोठ्या डॉक्टरांकडे नवं पान गेलं होतं. उद्या सकाळी ते तिच्यासमोर उघडणार होते.

"ठीक नव्हता गं," मी म्हणाले.

"काय?"

"रंग. चोविसाव्या दिवशीही ठीक नव्हता. तुला फिका दिसत होता ना? तो फिकाच होता. मला वाटलं फोनचा दोष आहे. मी पिवळा चढवला."

 मागून कुणीतरी चाकांचं स्टँड ढकलत नेलं, त्याचा खडखड आवाज बराच वेळ येत राहिला.

"चढवला म्हणजे?"

"पहिल्या फोटोंसारखा दिसावा म्हणून. आम्ही शाळेच्या पोरांचं करतो तसं."

"म्हणजे डॉक्टरांनी जे बघितलं ते..."

"ते मी केलेलं होतं."

तिने बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं. चोवीस, साठ. लहानपणी गणितं माझ्याकडून करून घ्यायची ती, हे तिला आलं.

"ताई, मला दिसत होतं गं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "मला रोज दिसत होतं. मी त्याची आई आहे. तू म्हणालीस काळजी करू नकोस."

"हो."

"मग मी नाही केली."

 माफ कर म्हणाले. दोनदा म्हणाले. शब्द इतके हलके की त्यांचा आवाजही झाला नसावा. बटण कुरकुरायला लागला. हल्ली त्याचं रडणंही बारीक झालंय, मांजराच्या पिल्लासारखं.

"ठेवते," ती म्हणाली. "त्याला नळीने दूध द्यायची वेळ झाली."

"रात्री करू का फोन?"

 पडदा काळा झाला आणि त्यात माझंच तोंड दिसायला लागलं.

वळले तर दारात खारू उभी. एक पाय दुसऱ्या पायावर, केस कपाळाला चिकटलेले, उशीची घडी गालावर उमटलेली. केव्हापासून उभी होती कोण जाणे. ती आली आणि न विचारता माझ्या मांडीवर चढली. जड झालीये आता. मी तिला घट्ट धरलं, इतकं की ती म्हणाली, "आई, गुदमरतंय." मी हात सैल केले. तिचे गाल लाल होते, डोळ्यांचा पांढरा भाग लख्ख पांढरा. तो मी बघितला, पुन्हा बघितला, आणि मला माझीच लाज वाटली.

"मावशीचा फोन होता?"

"हो."

"रोज ती मला बटणचा हात हलवून टाटा करते." तिने काळ्या पडद्यावर बोट ठेवून बघितलं. काहीच झालं नाही. "आज नाही केला."

"त्याला दूध प्यायचं होतं, राणी."

 मग मान वर करून तिने माझ्याकडे बघितलं.

"उद्या करेल?"